आठ मिनिटं बस

अक्का पैठणहून पहिल्या एस.टी.नं आली ती हातात रिकामी पिशवी घेऊनच. माझे कपडे भरायला. बायको जाऊन पाच महिने झाले होते आणि मला, धाकट्या भावाला, आपल्याकडं न्यायचं तिनं पक्कं केलं होतं. "तुला साधा चहा जमत नाय, एकटा कसा राहशील?" मला उस्मानपुऱ्यातलं घर सोडायचं नव्हतं. म्हटलं, आज माझ्या हातचं खा, मग बोल.

लेकीनं पुण्याहून एअर फ्रायर पाठवला होता आणि फोनवर सगळं माझ्याकडून लिहूनही घेतलं होतं. पण मला दम कुठं! फ्रीजरमधले तयार समोसे एकशे ऐंशीवर चौदा मिनिटं ठेवायचे, सातव्या मिनिटाला एकदा उलटायचे. मी दर दोन मिनिटांनी बास्केट ओढून बघत होतो. दरवेळी गरम वाफ तोंडावर. चौदा मिनिटांनी समोसे पांढरेफटक, आतला बटाटा गारच.

"थंडगार हाय की रे," अक्का म्हणाली.

मी चिडलो. म्हटलं, कटलेट बघ आता. बाराच मिनिटं लागतात. सहाव्या मिनिटाला चिमट्यानं हळूच उलटायचे, हलवायचे नाहीत, हे लेकीनं दोनदा बजावलं होतं. पण चिमटा सापडेना. ओट्यावर नाही, ड्रॉवरमध्ये नाही. तो कुठं असतो ते बायकोला माहीत होतं. मी बास्केट धरली आणि खडाखडा हलवली. बर्फ उतरून नुकते मऊ पडलेले कटलेट, पार भुगा झाला. अक्कानं पिशवीकडं बघितलं.

"फ्राईज राहिलेत," मी म्हणालो. दोनशेवर सोळा मिनिटं. बास्केट अर्धीच भरली, बटण दाबलं आणि लगेच हात पुढं केला.

अक्कानं मनगट धरलं. "कधी हलवायचे?"

"आठ मिनिटांनी."

"मग आठ मिनिटं बस."

खुर्ची ओढून तिनं मला बसवलं. पाच महिन्यांत मी या घरात असा बसलोच नव्हतो. चालायचो, नळ बघायचो, दार उघडायचो, परत लावायचो. बसलो की बायको आठवते, लई आठवते. तिसऱ्या मिनिटाला रडूच कोसळलं. आठ मिनिटं झाली तशी अक्का म्हणाली, "ऊठ, हलव." मी डोळे पुसले, बास्केट हलवली, परत लावली आणि परत बसलो.

फ्राईज झाले. सोनेरी, कुरकुरीत. अक्कानं ते खाल्ले आणि कटलेटचा भुगासुद्धा चमच्यानं संपवला.

दुपारी तिनं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. "राहा इथंच," म्हणाली. "पण रोज काहीतरी लाव त्यात. अन् तेवढं बसत जा."

मी रोज लावतो. भूक असो, नसो.