बगळ्यांचा कागद

आमच्या मालकांना कागदातलं काही कळत नव्हतं. प्रकाशकाला ते कळलंच पाहिजे असं नाही. हलवायाला ऊस लावता येत नाही, तरी पेढे चांगले होतात. पण आमच्या मालकांना आपल्याला कळतं असं वाटायचं, आणि पुण्यात हा आजार प्लेगपेक्षा जुना आहे. मी त्यांच्याकडे पुस्तकांची निर्मिती बघायचो. म्हणजे कागद ठरवायचा, छापखान्यात उभं राहायचं आणि चूक झाली की ती माझी.

त्या वर्षी दोन पुस्तकं एकदम हातात आली. एक कादंबरी, चारशे पानांची, एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याची. दुसरं पाणथळीच्या पक्ष्यांचं, चौसष्ट पानांचं. त्यातली सगळी जलरंगातली चित्रं धायरीच्या एका बाईंनी काढली होती. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं नदीकाठी स्टूल टाकून बसल्या आणि त्यातून हे पुस्तक झालं. त्यांचं पहिलं, आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे शेवटचं.

त्या निवृत्त साहेबांना आपली कादंबरी भारदस्त हवी होती. "पांढराशुभ्र, गुळगुळीत कागद घ्या. एकशे तीस जीएसएम," ते म्हणाले. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. साहेबांनी हा शब्द लग्नपत्रिकेच्या दुकानात ऐकलेला असणार. मी वाद घातला नाही. त्यांच्या कागदाची चारशे कोऱ्या पानांची प्रत बांधून घेतली, ती त्यांच्या घरी नेली आणि रोज जसे आडवे होऊन वाचता तसे वाचा म्हणालो. प्रत पाऊण किलोची झाली होती. साहेब आरामखुर्चीत रेलले. पान उघडं राहीना, दिव्याचा उजेड कागदावरून थेट डोळ्यात. पाचव्या मिनिटाला मनगट दुखायला लागलं. मग मी दुसरी कोरी प्रत दिली, सत्तर जीएसएमची, क्रीम, फुगीर कागदाची. जाडी जवळजवळ तेवढीच, वजन निम्म्याच्या जरा वर, डोळ्यांना शांत.

"हे मी आधीच म्हणत होतो," साहेब म्हणाले. सनदी नोकरीत एवढं शिकतातच.

इथवर ठीक होतं. पण मालकांनी ती क्रीम प्रत टेबलावर ठेवली, दोन दिवस कुरवाळली आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "यंदा आपली सगळी पुस्तकं क्रीमवर. आपली एक ओळख झाली पाहिजे. अभिजात दिसतं."

"पक्ष्यांचं पुस्तकसुद्धा?" मी विचारलं.

"ते तर आधी."

मी समजावलं. चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसते. चित्रातलं पांढरं म्हणजे खालचा कागद. बाईंनी बगळे रंगवलेलेच नव्हते. भोवतीचं पाणी आणि गवत रंगवून बगळ्याच्या आकाराचा कागद कोरा सोडला होता. क्रीमवर तो बगळा पिवळा होणार, खंड्याचा निळा हिरवट होणार, आणि सत्तर जीएसएममधून मागच्या पानावरचा करकोचा पुढच्या पानावर चालत येणार. या पुस्तकाला पांढरा मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, आर्ट पेपर हवा, एकशे तीसचा. साहेबांना जो नकोसा झाला, जवळपास तोच.

मालकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बगळे पिवळे दिसले तर लोक म्हणतील ऊन पडलंय."

यावर मी म्हणालो, "मग कावळेही क्रीम छापू, म्हणजे श्राद्धाला बरे दिसतील." ऑफिसात सगळे हसले. मालकही हसले आणि क्रीम कागद मागवला. मी माझ्या वाक्यावर खूश होऊन चहाला गेलो. आम्हा पुणेकरांना टोमणा मारला की काम झालं असं वाटतं.

रंगाचं प्रूफ आलं ते नेहमीसारखं पांढऱ्या प्रूफच्या कागदावर. त्यावर सगळं सुरेख दिसत होतं, बगळे पांढरेस्वच्छ. मालकांनी तेच बाईंकडे पाठवलं. बाईंनी अंगणात उन्हात बसून पाहिलं, सही केली आणि फोनवर म्हणाल्या, "अहो, माझ्या हातून निघाले तसेच आलेत." छपाई दुसऱ्या कागदावर आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हे 'कुणी' म्हणजे मी, हे उघड आहे.

दोन महिन्यांनी, छपाई सुरू व्हायच्या दिवशी, बाई आपण होऊन छापखान्यात आल्या. मालकही आले होते, नव्या जाकिटात. मशीनवाल्याने पहिला चांगला ताव काढून टेबलावर पसरला. मी जे जे म्हणालो होतो ते सगळं त्यावर होतं. बगळे कावीळ झाल्यासारखे दिसत होते.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ताव खिडकीपाशी नेला. मग हळूच म्हणाल्या, "मोतीबिंदू वाढलेला दिसतोय माझा. डॉक्टर म्हणालेच होते, पांढरं पिवळट दिसायला लागेल. बगळे मला पिवळे दिसतायत."

"वय झालं की व्हायचंच, बाई," मालक तत्परतेने म्हणाले. इतकं तत्पर मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्या माणसाची मला त्या क्षणी किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोजचे यातले. तुम्हाला पांढरे दिसतायत ना?"

मशीन थांबलेलं होतं. ताव एकच निघाला होता. कोऱ्या पांढऱ्या कागदाचा एक तुकडा त्या बगळ्याशेजारी ठेवला असता तर पुरे होतं. तो तुकडा माझ्या खिशात होता, मी नेहमी ठेवतो. मालक माझ्याकडे बघत होते. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते.

"हो," मी म्हणालो.

बाईंनी तावाच्या कोपऱ्यावर मंजुरीची सही केली. मशीन सुरू झालं.

पुस्तकाचं प्रकाशन झालं. वक्त्यांनी क्रीम कागदाची तारीफ केली. एकाने 'मातीचा रंग' असंही म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात एकेकाची सालं काढत होतो. त्यात मी पटाईत आहे.

काही महिन्यांनी बाई ऑफिसात आल्या. मालक बाहेर गेले होते. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, चष्माही नव्हता. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून आपलं पुस्तक काढलं, बगळ्यांचं पान उघडून माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी मूळ चित्र ठेवलं.

"आता मला भिंत पांढरी दिसते," त्या म्हणाल्या. "तुमचा सदरा पांढरा दिसतो. दूधसुद्धा पांढरं असतं हे मी विसरले होते."

त्यांनी छापलेल्या बगळ्यावर बोट ठेवलं.

"तुम्हाला तेव्हाही दिसत होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मूळ चित्र पिशवीत ठेवलं आणि पुस्तक टेबलावरच राहू दिलं.