बावीस सेंट खाली

कॅसेटच्या कव्हरवर गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'आणि साथी' छापतात ना, त्या साथींमध्ये माझी धाकटी बहीण शीला वीस वर्षं होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची आणि रविवारी कोरस गायची. ध्रुवपद दोनदा म्हणायचं, मग माइकपासून एक पाऊल मागे सरकायचं. वीस वर्षांत तिने त्याबद्दल कुरकुर केलेली मला आठवत नाही. कुरकुर करायचं काम घरात माझ्याकडे होतं.

मी बबन. पेटी वाजवतो. पेटी आमच्या बापाची. त्याने ती गायन पार्टीत वाजवली, त्याच्यामागे मी वाजवली. मध्ये एका हळदीच्या कार्यक्रमात कीबोर्डवाला पोरगा मला म्हणाला, "काका, तुमची पेटी उतरलीय, लावून घ्या." मी त्याला चारचौघांत झापला. म्हटलं, तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून ही पेटी सुरात आहे. त्यानंतर पुन्हा कुणी बोललं नाही. बोलणार कोण, माझं तोंड सगळ्यांना माहीत.

शीलाचा नवरा राजरत्न. त्याचा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये फर्निचरच्या दुकानावर एक खोलीचा स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक कॉम्प्युटर, काचेपलीकडे माइक. माणूस कमी बोलणारा. घरात मी बोलायचो, शीला गायची आणि तो ऐकायचा, असं आमचं चाललं होतं.

दोन हजार पाचच्या सुरुवातीला कॅसेटवाल्या शेठने चौदा एप्रिलसाठी आठ भीमगीतं करायला घेतली आणि त्यातलं एक शीलाला एकटीला दिलं. कव्हरवर नाव येणार होतं. तिने मला फोन करून एवढंच सांगितलं, "दादा, एक गाणं माझंय." मी म्हटलं, बरं झालं. मला तेव्हा आनंद झाला होता, हे नक्की सांगतो. त्यानंतर मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही.

तिच्या गळ्याला गाठ होती, थायरॉइडची. ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं, ते अचानक अलीकडे आलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठीला खेटून आवाजाची नस जाते, ती दुखावू शकते. म्हणजे गाणं आधी घ्यायला हवं होतं. पण म्युझिक तयार नव्हतं. कीबोर्ड नाही, बासरी नाही, काहीच नाही. मग मी पेटी घेऊन रिक्षाने स्टुडिओत गेलो. मी काचेच्या अलीकडे पेटी वाजवली, ती काचेपलीकडे हेडफोनमध्ये माझी पेटी आणि तालाची टिकटिक ऐकत गायली. म्युझिक नंतर तिच्या आवाजाखाली घालायचं ठरलं. तीन टेक झाले. तिसरा झाल्यावर राजरत्नने बोट वर केलं आणि मी म्हटलं, "वा, शिले." तिला मी आयुष्यात किती वेळा वा म्हटलंय ते मोजायला एक हात पुरेल.

ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला. बोलायला जायची तर नुसती हवा यायची, फुंकर मारावी तशी. सहा महिन्यांत येईल, किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. राजरत्नने तिला बाजारातून पोरांची पाटी आणून दिली. ती पाटी घेऊन ती घरात फिरायची. मी बदलापूरला तिच्याकडे जायचो, बसायचो, चहा प्यायचो, निघायचो. रडू वगैरे आलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं.

मग म्युझिक झालं. अभिजीत नावाच्या पोराने कीबोर्ड वाजवला, बासरीवाला येऊन गेला, ढोलकी झाली, कोरसच्या बायका गाऊन गेल्या. राजरत्नने त्यावर शीलाचा आवाज ठेवला आणि बटण दाबलं. शीलाही बसली होती. दोन ओळी वाजल्या आणि सगळ्यांनी खाली बघितलं. आवाज म्युझिकच्या किंचित खाली बसत होता. फार नाही, पण कानाला बोचेल एवढा.

"ताई आजारी होत्या ना तेव्हा," अभिजीत हळूच म्हणाला.

मीही मान हलवली. मान हलवतानाच मला तो हळदीतला पोरगा आठवला होता. तरी हलवली.

शीलाने पाटीवर लिहिलं, 'म्हणजे सूर आधीच गेला होता.' मग पुसून टाकलं.

शेठने सांगितलं, शुक्रवारपर्यंत नीट करा, नाहीतर कल्याणच्या एका मुलीकडून तेच गाणं गाऊन घेऊ. माणूस वाईट नव्हता, त्याला कॅसेट वेळेत बाजारात हवी होती. पण ते गाणं गेलं असतं तर शीलाचं दुसरं कुठलं गाणं कधी होणार होतं? गळाच राहिला नव्हता.

राजरत्नकडे सूर सुधारायचं सॉफ्टवेअर होतं. आवाज आत घातला की ते प्रत्येक सुराला जवळच्या बरोबर सुरावर ओढतं. किती झटक्यात ओढायचं ते आपण ठरवायचं. त्याने गाण्याचे सूर निवडले आणि पहिल्यांदा झटका पूर्ण ठेवला. 'दिवा लाव माये दारी' अशी ओळ होती. 'माये'वर शीला खालच्या सुरावरून वर घसरत जायची, तीच तर त्या ओळीची गंमत. सॉफ्टवेअरने त्या घसरणीच्या पायऱ्या केल्या, टक टक टक. लांब सुरावर तिचा आवाज थोडा हलायचा, तोही इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. सूर अगदी बरोबर आणि बाई कुठली तरी भलतीच. शीलाने हेडफोन काढून लिहिलं, 'ही कोण?'

त्यानंतर शुक्रवारपर्यंत ती स्टुडिओत आली नाही.

दुसऱ्या दिवशी राजरत्नने ओढ मंद केली. घसरण वाचली, पण छोटे सूर तसेच खाली राहिले, सॉफ्टवेअर पोचायच्या आत ते संपायचे. लांब सूर खाली सुरू होऊन मग हळूहळू वर सरकायचे, ते सरकणं ऐकू यायचं. त्याने तेही पुसलं. मग तो हातानेच बसला. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ दिसायची. तो एकेक सूर धरायचा, फक्त त्याचा मधला भाग वर करायचा, सुरुवात आणि शेवट सोडून द्यायचा, श्वासाला हात लावायचा नाही. एका कडव्याला दोन दुपारी गेल्या. मी मागे स्टुलावर बसून असायचो. कशाला बसायचो विचाराल तर, घरी बसवत नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो थांबला. प्रत्येक सूर किती वर केला ते तो कागदाच्या पाठीवर लिहीत होता. कागद त्याने माझ्यापुढे धरला. बावीस, एकवीस, तेवीस, बावीस, बावीस. दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट, तसे हे सेंट.

"दादा," तो म्हणाला, "दमलेला गळा असा मोजून उतरत नाही. सुरुवातीला ठीक असतो, शेवटी शेवटी जास्त उतरतो. ही पहिल्या अक्षरापासून तेवढीच खाली आहे."



त्याने त्या दिवशीची माझी पेटी कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती. तिचा षड्ज लावला, वर कीबोर्डचा षड्ज दाबला. दोन्ही मिळून वाँव वाँव वाँव अशी लाट यायला लागली. मग त्याने पेटीबरोबर नुसता शीलाचा आवाज लावला. लाट नाही, काही नाही. दुधात साखर.

राजरत्न माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं पडद्याकडे बघत म्हटलं, "कीबोर्ड खाली आणता येईल, पण बासरी आणि कोरस झालाय. आवाजच वर घेऊ." दोन दुपारींचं काम त्याने पुसून टाकलं. मूळ टेक घेतला आणि अख्खा एकदम बावीस सेंट वर उचलला. सुरा-सुरांमधलं अंतर जसंच्या तसं, घसरण जशीच्या तशी, हलणं जसंच्या तसं. एवढ्याशाने आवाजाचा पोतही बदलत नाही. फक्त दोन ओळींच्या शेवटी तिचा श्वास खरंच कमी पडला होता. तेवढे दोन सूर त्याने हाताने, फक्त मधल्या भागात, थोडे वर केले. मग म्युझिक लावलं. शीला गात होती. आमचीच शीला.

"तिला कोण सांगणार?" त्याने विचारलं.

"गाणं नीट झालं ना," मी म्हटलं, "बास की मग."

त्याने कॉम्प्युटर बंद केला.

शुक्रवारी सकाळी तो शीलाला घेऊन आला. तिने हेडफोन लावून गाणं पूर्ण ऐकलं, 'माये'वर डोळे मिटले. संपल्यावर पाटी घेतली आणि लिहिलं, 'मशीनने छान केलं.'

राजरत्नने माझ्याकडे बघितलं. मी त्या तीन शब्दांकडे बघत राहिलो. वीस वर्षं कोरसमध्ये उभी राहिलेली बाई, एकदा एकटी गायली, आणि तेही मशीनच्या नावावर जमा करत होती. मी उठलो. रेकॉर्डिंगपासून कोपऱ्यातच राहिलेली पेटी आणून तिच्यापुढे ठेवली, भाता उघडला आणि षड्ज धरला. राजरत्नला म्हटलं, "तू दाब." त्याने कीबोर्डचा दाबला.

लाट आली. शीलाने माझा हात बाजूला केला. स्वतः पेटीचा सूर धरला, कीबोर्डचा धरला, पुन्हा पेटीचा, मग पंचम, मग वरचा षड्ज. मग तिने पाटीवर लिहिलं, 'मी सुरात होते.'

"हो," मी म्हटलं. "पेटी खाली होती."

'तुला माहीत होतं?'

"पहिल्या दिवशीच शंका आली होती. सगळे तुझ्या आजारपणावर बोलले तेव्हा मी मान हलवली."

तिने पाटी बाजूला ठेवली. मग राजरत्नला खूण केली, पेटीकडे बोट, गळ्याकडे बोट. त्याला कळलं. त्याने म्युझिक बंद केलं, सुधारलेला आवाज बंद केला, आणि त्या दिवशीचा तिसरा टेक लावला, काहीही न केलेला. बापाची पेटी आणि शीला. साडेचार मिनिटं आम्ही तिघं बसून राहिलो. त्या दोन ओळींची टोकं सोडली तर एक सूर ढळलेला नव्हता.

गाणं संपलं. शेवटी माझं 'वा, शिले' तेवढं ऐकू आलं. तिने पाटी पुसली आणि माझ्या हातात दिली, वर खडू ठेवला. बोलता येत असूनही मला लिहावं लागलं. मी 'चुकलो' लिहिलं. तिने ते वाचलं आणि पाटी तशीच, न पुसता, पिशवीत ठेवली.