पाच लाखांचा कागद आणि वरचे तीन

पतसंस्थेच्या कर्ज खात्यात मी सव्वीस वर्षं काढली. समोरचा कितीही रडला, हसला, ओळखी सांगू लागला, तरी कागद पुरा झाल्याशिवाय मी सही केली नाही. त्यामुळे धाकट्या भावाने पिंपळगावच्या त्याच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये शीतखोली वाढवायला पाच लाख मागितले, तेव्हा मी दोनच गोष्टी सांगितल्या. पैसे देईन, पण बँकेतून. आणि लिहून घेईन.

पैसे माझ्या निवृत्तीचे होते. मला दुसरं उत्पन्न नाही, हे त्यालाही माहीत होतं.

"ताई, सख्ख्या भावाकडून लिहून घेते का तू? लय झालं!" तो चिडला.

"सख्खा आहेस म्हणून व्याज नाही. कागद मात्र होणार."

रोख का नको, हेही त्याला ऐकवलं. एवढं कर्ज रोखीने घेतलं तर घेणाऱ्यालाच दंड बसू शकतो. शेवटी तो तयार झाला. नाशिकला माझ्या घरी येऊन, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर त्याने सही केली. मजकूर मीच केला होता, एका पानाचा: कोणी, कोणाला, किती, बिनव्याजी हातउसने, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि परतफेडीची तारीख. साक्षीला शेजारचे दोघे बोलावले. फाईल कपाटात ठेवली आणि भावाला पोटभर जेवू घातलं. जेवताना त्याचा राग गेला, माझी ऐट मात्र गेली नाही.

दोन महिन्यांनी त्याचा मेसेज आला, यंत्राला अजून तीन लाख कमी पडतायत. मी त्या वेळी देवळाली कॅम्पात मैत्रिणीकडे होते. तिच्या चहाच्या कपाशेजारी मोबाईल ठेवून तिथूनच पैसे पाठवले. कशासाठी, असा रकाना आला. मला म्हणायचं होतं, पुन्हा दिले. घाईत इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: परत. कागदावर हे तीन चढवायचे नंतर, असं म्हटलं आणि ते राहूनच गेलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभं-आडवं झाडलं असतं.

मुदत भरली तेव्हा मी फाईल घेऊन पिंपळगावला गेले. पॅकहाऊसचा हिशेब भावजय बघते, आणि चोख बघते. तिने पाच लाखांचा चेक तयार ठेवला होता.

"आणि वरचे तीन?" मी विचारलं.

तिने बँकेचं स्टेटमेंट माझ्यापुढे सरकवलं. "ताई, ते तर तुम्ही परत केलेले ना? इथं तुम्हीच लिहिलंय."

मी तो रकाना पुन्हा वाचला: परत. ती लबाडी करत नव्हती. 'परत' म्हणजे पुन्हा आणि 'परत' म्हणजे परतफेड. मराठीत दोन्ही बरोबर, आणि माझ्या हातचा शब्द माझ्याच गळ्यात. तीन लाख म्हणजे माझा दोन वर्षांचा घरखर्च होता. पण मेसेज मी पुसत नाही. शोधला, काढला आणि भावापुढे धरला. 'ताई, अजून तीन लाख पाठव, पुढच्या वर्षी देतो.' तारीख पैसे पाठवल्याच्या दिवसाचीच.

मी जिंकले होते. भावाने मेसेज वाचला, मान हलवली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे ते आईचे नव्हते?"

"आईचे कसले?"

त्याने बायकोकडे पाहिलं. भावजय हळू आवाजात म्हणाली, "आईंच्या दवाखान्याचं बिल सहा लाख झालं होतं, ताई, सगळं ह्यांनीच भरलं. ह्यांनी उसने मागितले होते, पण 'परत' वाचून ह्यांना वाटलं, तुम्ही तुमचा अर्धा वाटाच परत केला. लय बरं वाटलं होतं ह्यांना."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटचे वीस दिवस ती अतिदक्षता विभागात होती. "निम्मे मी देईन," असं मी दवाखान्याच्या जिन्यात म्हटलं होतं, खरंच म्हटलं होतं. मग तेरावं झालं, माझी निवृत्ती आली, आणि त्याने कधी आठवण केली नाही म्हणून मीही केली नाही. त्याच्याकडे ना कागद, ना पावती, ना साक्षीदार. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"चेक पाचाचाच राहू दे," मी म्हणाले आणि फाईलमधला कागद काढला. पाच लाख मिळाल्याचं लिहिलं, आणि खाली: नंतर दिलेले तीन लाख आईच्या दवाखान्याच्या माझ्या वाट्यापोटी वळते केले, आता काही येणं नाही.

"ताई, मी कधी मागितलं नव्हतं," भाऊ म्हणाला.

"नाही मागितलंस," मी म्हणाले, आणि सही केली.