लाल बदामाच्या शेजारी

सुरतेच्या डिंडोलीतल्या एका गल्लीत सुकदेवइतका नावाला लाजणारा माणूस दुसरा नव्हता, असं सुकदेव स्वतःच सगळ्यांना सांगायचा. उत्सवाचा बॅनर छापायला जाताना तो हमखास म्हणायचा, "माझं नाव राहू द्या हो, कशाला उगाच." मग छापखान्यापर्यंत सोबत जायचा आणि नाव राहिलंय ना, हे बघून यायचा. देवळाला त्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यावर दात्याचं नाव आकड्यांपेक्षा ठळक होतं. आरतीला डोळे उघडले की आधी सुकदेव दिसायचा, मग वेळ. देवीने मात्र कधी तक्रार केली नाही.

बाकी माणूस वाईट नव्हता. उधन्याच्या एका कारखान्यात तो अठ्ठावीस वर्षं यंत्रमागांची दुरुस्ती करत होता. बायको उज्ज्वला घरी साड्यांना लेस लावायची, मुलगी सोनाली एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवायची. वडील धुडकू जाऊन नऊ वर्षं झाली होती.

श्रावणातला कानबाईचा, म्हणजे खानदेशी लोकांच्या देवीचा, उत्सव होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तो व्हिडिओ आला. धुळ्याकडचा चेतन नावाचा एक पोरगा गावोगावच्या उत्सवांचे व्हिडिओ करतो. तो सुरतेत येऊन गेला होता. नारळाला डोळे काढलेले, नाकात नथ, अंगावर लुगडं, अशी कानबाई डोक्यावर घेऊन बाया गल्लीतून निघाल्या आणि गल्ली अहिराणी गाण्यांनी भरून गेली, ते सगळं त्याने टिपलं. चार दिवसांत आठ लाख लोकांनी पाहिलं. शेवटी चेतनने विचारलं होतं, "ह्या गल्लीत पहिली कानबाई कोणी बसवली? दुसऱ्या भागासाठी मी त्या घरी येणार." तोच प्रश्न त्याने व्हिडिओखाली सगळ्यात वर चिकटवून ठेवला, आणि उत्तरं त्याच्याखालीच द्या म्हणाला.

पहिली कानबाई बसवली होती धुडकूने. १९८६ साली, दहा बाय बाराच्या खोलीत. पण सुकदेवने उत्तरं उघडून पाहिली, तर तिथे मंडळाचे अध्यक्ष बाबुराव आधीच बसलेले. "मीच. बाबुराव, संस्थापक अध्यक्ष." पुढे हात जोडलेली तीन चित्रं. शहाऐंशी साली संस्थापक आठ वर्षांचे होते.

"बापाचं नाव पुसून टाकलं माझ्या!" सुकदेव ओरडला. लेस लावता लावता उज्ज्वलाने मान वर केली. "मंग तुमी लिखा ना."

सुकदेवने एक सबंध संध्याकाळ घालवून लिहिलं आणि सोनालीला वाचून दाखवलं. "नमस्कार. मला प्रसिद्धीची अजिबात हाव नाही. मी कधी पुढे पुढे करत नाही, हे सर्व जाणतात. तरीही मन मोठे करून सांगू इच्छितो की, मी ज्यांचा सुपुत्र आहे ते कै. धुडकूजी..."

"पप्पा, हाव नाही असं लिहिलं की लोकांना पहिली हावच दिसते."

"मग काय, हाव आहे लिहू?"

"काहीच नका लिहू त्याबद्दल. त्याने काय विचारलंय? पहिली कानबाई कोणी बसवली. तुम्ही कसे आहात ते विचारलंय का?"

सुकदेवला हे पटलं नाही, पण मुलीसमोर फोन धरून तो बसून राहिला. सोनालीने सांगितलं की सुरुवातीच्या दोन-चार ओळीच उघड्या दिसतात, बाकी 'आणखी वाचा'च्या आड जातं, आणि आड गेलेलं कोणी वाचत नाही. म्हणून नमस्कार-चमत्कारात ओळी घालवायच्या नाहीत. व्हिडिओतलं नेमकं मिनिट लिहिलं की तो आकडा निळा होतो, दाबला की माणूस थेट तिथे पोचतो. म्हणजे आपण खरं बोलतोय हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

"आणि एक गोष्ट अशी लिहा जी बाबुरावकाकांना माहीतच नाही. मग थांबा."

"थांबा म्हणजे? नंबर?"

"नंबर नाही. त्याला हवा असेल तर तो विचारेल."

"आणि माझं नाव?"

"तुमच्या खात्यावर आहेच की वर. लहान अक्षरात."

लहान अक्षरात, हे सुकदेवच्या जिव्हारी लागलं. शेवटी सोनालीनेच त्याच्या फोनवर टाइप केलं:

"६:४२ ला निळ्या पत्र्याचं दार दिसतं. १९८६ च्या श्रावणात त्या खोलीत पहिली कानबाई बसली. बसवणारे धुडकू, सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये कामाला होते. नथ घ्यायची ऐपत नव्हती, तर शेजारच्या मालतीबाईंनी स्वतःच्या नाकातली काढून दिली. देवीला आजही तीच नथ घालतात."

"एवढंच?" सुकदेव म्हणाला. "मी कुठे आहे ह्याच्यात?"

"बारा वर्षांचे होतात तुम्ही. प्रसादाचे रोट खात असाल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन उघडला, तर त्या पाच ओळींना नऊशे लोकांनी अंगठा दिला होता. खाली चेतनच्या पसंतीचा लाल बदाम उमटला होता, शेजारी त्याचा चिमुकला फोटो. आणि चेतनने लिहिलं होतं, "ही नथ बघायला यायचंय. तुम्ही त्यांचे कोण?"

सोनालीचा फोन लागला तेव्हा ती कामात होती. "फक्त 'मुलगा' लिहा, पप्पा. एकच शब्द. बाकी काही करू नका, मी आल्यावर बघू."

एक शब्द. पन्नास वर्षांत सुकदेवने एका शब्दात काही सांगितलं असेल तर ते मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हा. त्याने ते उत्तर रात्रीवर ढकललं आणि कारखाना सुटल्यावर बदाम मंडळाला दाखवायला देवळाच्या ओट्यावर गेला.

बाबुरावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "छान आहे. पण सुकदेवभाऊ, मंडळ कुठाय?"

"तेव्हा मंडळ नव्हतं ना."

"आता आहे ना? कार्यकारिणी आहे, सल्लागार आहेत, मांडववाले आहेत. आठ लाख माणसं बघताय, आणि तुम्ही एकट्या बापाचं नाव टाकून मोकळे? उद्या वर्गणीला माणसं विचारतील."

"त्यात वाल्मिकभाऊंनी जनरेटर दिला," कोणीतरी म्हणालं.

खरं सांगायचं तर सुकदेवला कोणी फार ढकलावं लागलं नाही. बॅनरवर नावं घालायची रीत त्याच्या रक्तात होती. एक नाव घातलं की सतरा घालावी लागतात, आणि सतरा घातली की अठरावं आपलं सहज बसतं. वेगळं उत्तर लिहावं, हेही कोणी सुचवलं. पण सुकदेव म्हणाला, "छे! बदाम इथे आहे. नावं बदामाच्या शेजारीच पाहिजेत."

त्याने तेच उत्तर पुन्हा उघडलं आणि दुरुस्त केलं. वर "लाल बदामाबद्दल मा. चेतनभाऊंचे मनःपूर्वक आभार." मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार, जनरेटर सौजन्य. धुडकू, निळं दार आणि नथ त्याच्याखाली. तळाला "शब्दांकन: सुकदेव (नाव देण्याची इच्छा नव्हती, आग्रहास्तव)" आणि मोबाइल नंबर.

बटण दाबलं. उत्तरापुढे 'संपादित' असा शब्द आला आणि बदाम गेला.

"गेला कुठे?" बाबुराव म्हणाले.

सुकदेवने फोन बंद करून चालू केला. रेंजसाठी गच्चीवर जाऊन पाहिलं. घाईघाईने सगळी नावं काढून सोनालीच्या पाच ओळी जशाच्या तशा परत लिहिल्या. बदाम काही परत आला नाही. ओट्यावर तोवर कुजबुज सुरू झाली होती, की बदाम मुळात खरा होता का.

सोनाली घरी आल्यावर तिने ऐकलं आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "पप्पा, त्याने बदाम दिला तो त्या शब्दांना. शब्द बदलले की बदाम काढून घेतात. नाहीतर कोणीही गोड लिहून बदाम मिळवेल आणि मग खाली स्वतःची जाहिरात चिकटवेल."

"असं कोण करेल?" सुकदेव म्हणाला.

उज्ज्वला मोठ्याने हसली. मग तिने लेस पुन्हा हातात घेतली, पण सुई ओवता येईना इतकी ती हसत होती.

चेतनचा प्रश्न मात्र तसाच पडून होता. तुम्ही त्यांचे कोण? सुकदेवने त्याचं उत्तर लिहायला रात्रीपर्यंत सहा मसुदे केले, प्रत्येकात क्षमायाचना आधीपेक्षा लांब. सातवा होण्याआधी खाली दुसरंच उत्तर आलेलं दिसलं. शेजारच्या मालतीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. फोनमध्ये बोललं की अक्षरं उमटतात, एवढं त्यांना येत होतं, आणि फुकट बोलायची सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती.

"मुलगा आहे त्यांचा. नथ माझ्याकडे आहे. या."

पहाटेपर्यंत त्याला दोन हजार अंगठे होते. आणि बदाम.

रविवारी चेतन आला. सुकदेवने नवा सफारी घातला, कपाळाला गंध लावलं, आणि मालतीबाईंच्या दारात तो असा उभा राहिला की आत जाणाऱ्याला त्याला ओलांडूनच जावं लागेल. चेतन वाकून आत गेला. मालतीबाईंनी पेटीतून नथ काढली, आधी देवाला दाखवली, मग त्याला. खोलीत उजेड कमी होता.

चेतनने मागे वळून पाहिलं. "काका, फोनची बत्ती जरा वर धरता? थोडं बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय."

सुकदेव बाजूला झाला. मालतीबाई बोलत राहिल्या. पाणी नव्हतं तर धुडकूने रेल्वेच्या नळावरून हंडे कसे आणले, रोटाला चक्की बंद मिळाली तर जात्यावर स्वतः कसा बसला, बाया हसल्या तरी उठला नाही. "लाजना नही त्यो," त्या म्हणाल्या. "आनि सांगत बी कोनले फिरना नही." सुकदेवचा हात दुखून आला. यातलं अर्धं त्यालाही माहीत नव्हतं.

दुसरा भाग आला, तो त्यांनी टीव्हीवर लावला. धुडकूचं नाव त्यात अकरा वेळा होतं. उज्ज्वलाने पदराने डोळे पुसले आणि टीव्हीसमोरच हात जोडले. सुकदेवचेही डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. पण पुसून झाल्यावर त्याने व्हिडिओ मागे नेला.

"चार मिनिटं बारा सेकंद," सोनाली म्हणाली. "तुमचा हात दिसतो. अंगठीसकट."

"किती वेळ?"

"नऊ सेकंद असेल."

सुकदेव उठला. उज्ज्वलाचा फोन घेऊन दूध आणायला म्हणून बाहेर गेला आणि दुधाशिवाय परत आला.

तासाभराने तो फोन वाजला. उज्ज्वलाने पाहिलं, तर तिच्या नावाने व्हिडिओखाली एक प्रश्न पडला होता, जो तिने विचारला नव्हता: "४:१२ ला प्रकाश धरणारे हे निःस्वार्थ गृहस्थ कोण आहेत? कोणी ओळखतं का?"

खाली एकच उत्तर आलं होतं, बाबुरावांचं.

"मीच."