आसारामची हाळी

मेहताबभाईंना कुणी "जरा आवाज वाढवा" म्हटलं की त्यांचं टाळकं सरकायचं. वाढवून काय उपयोग, ते विचारायचे, बोलणं वाढलं की त्याच्याबरोबर हलगीही वाढते. म्हाताऱ्या कानाला गोंगाट पोचतो, शब्द पोचत नाहीत. आणि खरंच आहे ते.

हे शहाणपण त्यांना तंबूत आलं. शेवगावच्या बाजूला जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा तेव्हा मेहताबभाई मशीनवर, आणि त्यांचा जिवलग आसाराम बैलगाडीला कर्णा बांधून गावोगाव पुकारा करायचा. कमी ऐकणाऱ्यांना मेहताबभाई मुद्दाम कर्ण्यापुढे बसवायचे, तरी ती माणसं शेजाऱ्याला कोपरानं ढोसत राहायची, काय म्हणला रं? फिल्मवर सगळे आवाज एकाच पट्टीत मिसळलेले, एकट्या संगीताला दाबायचं तरी कसं? पण काय दिवस होते ते! पडद्याच्या उलट्या बाजूनंही माणसं बसायची आणि नायकाला डावखुरा समजून घरी जायची.

तंबू गेले. मेहताबभाईंनी नगरला दोन खोल्यांचा स्टुडिओ टाकला. आसाराम गावीच राहिला, आणि तीन वर्षांमागं वारला. त्याचा एक फोटो होता, तोही लग्नातला, फेट्याखाली तोंड झाकलेला. पण आदिनाथ नावाच्या शेवगावच्याच पोरानं पूर्वी ऊसतोडीवर सिनेमा काढला होता, त्यात आसाराम गाडी हाकत जातो आणि बैलांना हाळी देतो: "चला रं बाबांनो, आलं घर." रोज संध्याकाळी वळणावर आल्यावर तो हेच ओरडायचा. ते ऐकून त्याची बायको केशरबाई हातातलं काम टाकून उठायची आणि फाटकाची काटेरी फांदी बाजूला करायची.

यंदा शेवगावच्या ज्येष्ठ नागरिक संघानं आदिनाथला तो सिनेमा दाखवायला सांगितलं, फक्त आम्हाला बोलणं कळलं पाहिजे म्हणाले. आदिनाथ हार्ड डिस्क घेऊन मेहताबभाईंकडे आला. नशीब, आवाज सुटेच होते: संवाद एकीकडे, संगीत दुसरीकडे, आणि गाड्या, घुंगरं, वारा, गर्दी असं बाकीचं तिसरीकडे. मेहताबभाईंनी कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं, संवादाच्या ट्रॅकवर कुणी बोललं की बाकीचे दोन्ही खाली दाब, थांबलं की वर आण. सुरुवातीला संगीत फटकन वर यायचं, दम लागलेल्या माणसासारखं. मग त्यांनी ते हळूहळू वर येईल असं केलं. ही त्यांची खास कलाकुसर, आणि तिचा त्यांना भारी अभिमान.

संघाच्या हॉलमध्ये खेळ झाला. म्हातारी मंडळी खूश, कुणी कुणाला ढोसलं नाही. केशरबाई तंबूतल्या जुन्या सवयीनं स्पीकरपुढेच बसल्या होत्या. खेळ संपला तरी त्या उठेनात. मेहताबभाई जवळ गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "भावजी, समद्यांचं बोलनं आलं. आमचंच मानूस का मुकं केलं?"

मेहताबभाईंचं तोंड उतरलं. रागावायचं तरी कुणावर? पहिल्या एसटीनं ते नगरला परतले. स्टुडिओत येऊन त्यांनी तोच प्रसंग लावला. नायकाचं बोलणं संपतं, लगेच आसारामची हाळी येते. पण ती संवादात नव्हतीच! गाडीवरच्या माइकवर घुंगरांसकट आली म्हणून कुणीतरी ती तिसऱ्या ढिगात टाकलेली. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी आसाराम म्हणजे गाडीचा आवाज. आणि बाकीचे आवाज हळूहळू वर येईपर्यंत हाळी संपून जायची. ज्या कलाकुसरीची मेहताबभाई फुशारकी मारत होते, तिनंच दोस्ताचा गळा दाबला होता.

त्यांनी हाळीचा तुकडा तिथून उचलला आणि संवादात ठेवला. आता ती आली की बाकीचे सगळे तिच्यासाठी खाली बसणार होते. तुकड्याबरोबर घुंगरंही थोडी आली. आदिनाथ ती साफ करू या म्हणाला, मेहताबभाईंनी हात लावू दिला नाही.

पुन्हा खेळ ठेवला. मेहताबभाई पडद्याकडे पाहतच नव्हते, त्यांची नजर केशरबाईंवर. नायकाचं बोलणं संपलं, संगीत खालीच राहिलं, आणि घुंगरांमागून स्वच्छ आवाज आला.

"चला रं बाबांनो, आलं घर."

केशरबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मागच्यांना पडदा दिसेना, पण कुणीच त्यांना बसा म्हणालं नाही.