लुटीच्या ताटातली द्राक्षं

नातवाची लूट होती. बाकीचे त्याला बोरन्हाण म्हणतात. संक्रांतीनंतर लहान लेकराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, मुरमुरे, शेंगदाणे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचं. मी हौसेनं गाजराचे तुकडे आणि टपोरी द्राक्षंही घातली होती.

सून रामदासपेठेतल्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ताट पाहताच म्हणाली, "आई, फक्त मुरमुरे ठेवू. दीड वर्षाचा आहे तो, बाकीचं घशात अडकेल."

"काहून वं? म्या दोन पोरं वाढवली, एकाले तरी काही झालं का?" मी सगळ्यांसमोर म्हटलं. बायका खो खो हसल्या. सून गप्प झाली. खोटं कशाला सांगू, मले लय बरं वाटलं.

ताट ओतलं. पोरांची झुंबड उडाली. नातवानं हसत हसत द्राक्ष तोंडात टाकलं आणि त्याचं हसणं मधेच थांबलं. तोंड उघडं, डोळे मोठे. ना खोकला, ना रडणं. ओठ निळे पडायला लागले. मी घाबरून त्याच्या घशात बोट घालायला गेले.

"बोट नका घालू, आणखी आत जाईल!" सून ओरडली. तिनं खाली बसून त्याला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या म्हणजे खांद्यामागच्या हाडांच्या मधोमध, जोरात मारलं. एक. दोन. तीन. चौथ्याला अख्खं द्राक्ष पाटावर पडलं. मग पोरानं असा टाहो फोडला! रड बापा, रड, म्हटलं. लगेच त्याला डॉक्टरांना दाखवून आणलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीला निघण्याआधी सुनेनं माझ्यापुढं द्राक्षं आणि सुरी ठेवली. आडवं कापलं तर गोलच राहतं म्हणे, उभे चार काप करायचे. गाजर बोटानं दाबलं की चिरडेल इतकं वाफवायचं. शेंगदाण्याचं बारीक कूट करून खिरीत घालायचं. आणि एका जागी बसवूनच भरवायचं, पळताना-हसताना नाही. मी मान डोलावत होते. शिव्या कधी पडतात याची वाट पाहत होते.

"माझ्यावर रागावली नाहीस?" शेवटी मीच विचारलं.

"स्वतःवर रागावले," ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं, तरी बायका हसल्या म्हणून गप्प बसले."

बायका कोणाच्या बोलण्यावर हसल्या होत्या? माझ्या. ती माझ्या तोंडाला भिऊन गप्प बसली आणि तेवढ्यापायी पोर जात होतं. मी सुरी खाली ठेवली.

"यापुढं नको बसू वं गप्प," मी म्हटलं. "चारचौघात ओरड माझ्यावर."