शून्य नाही ना, मग काट

देऊळघाटला आमच्या ज्युनियर कॉलेजात मंजुश्री इंगळे मॅडम गणित शिकवतात आणि शेजारच्या वर्गात मी फिजिक्स. मधली भिंत पातळ आहे. त्यामुळे एकोणीस वर्षं मी त्यांचं गणित फुकट ऐकतोय, आणि पुष्कळदा माझा स्वतःचा तास सोडून ऐकतोय.

पोरांच्या काटाकाटीचा त्यांना भयंकर राग. x चा वर्ग बरोबर पाच x असं दिसलं, की पोरगं दोन्हीकडचा एकेक x उडवतं आणि x बरोबर पाच लिहून मोकळं होतं. मग भिंतीपलीकडून आवाज येतो, "अन् x शून्य असला तर? त्याले कुठं गाडलं बे?" वर a अधिक b, खाली a, तर a ला a काटून नुसता b उरवणारे दरवर्षी दोन-चार निघतातच. या सगळ्यांना मॅडमनी एक नियम घालून दिला होता. काटायच्या आधी मोठ्यानं विचारायचं, 'हे गुणलेलं आहे ना? शून्य नाही ना?' दोन्हीला 'हो' आलं, तर खुशाल काट. नियम इतका सुटसुटीत, की मी तो माझ्याही वर्गात लावला.

मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या आम्ही काही शिक्षकांनी बारावीच्या पोरांसाठी मोफत निवासी वर्ग काढला. खाटा तीस, म्हणून जागा तीस. त्यासाठी परीक्षा घेतली. गणिताची उत्तरसूची मॅडमनी केली, फिजिक्सची मी. कच्ची यादी सगळ्यांना कळवली आणि ठरल्या दिवशी बुलढाण्यात एका शाळेच्या खोलीत हरकती ऐकायला बसलो. दुपारी तीनला पक्की यादी लागणार होती.

बाराच्या सुमाराला महामाया नावाची मुलगी आली. वडनेर भोलजीहून दोन गाड्या बदलून आली होती. तिचा नंबर एकतिसावा, जागा दोन गुणांनी हुकलेली. तिची हरकत सतराव्या प्रश्नावर होती. 'A ही शून्य मॅट्रिक्स नाही आणि A गुणिले A बरोबर A येतं, तर A ही एकक मॅट्रिक्सच असते. खरं की खोटं?' (एकक म्हणजे आकड्यांतल्या एकसारखी, कशालाही गुणली तरी ते तसंच ठेवणारी.) उत्तरसूचीत 'खरं' होतं, तिनं 'खोटं' लिहिलं होतं.

आमचे प्रमुख गजेंद्र सर घाईत होते. "पोरी, A शून्य नाही. मग दोन्हीकडचा एकेक A काट. काय उरलं? एककच ना? जा आता."

"सर, काटता नाही येत," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण ती जागची हलली नाही. "मी एक मॅट्रिक्स करून आणली. तुम्ही गुणून पाहा."

तिनं वहीचं पान टेबलावर ठेवलं. चौकटीत चार आकडे. वरच्या ओळीत एक, एक. खालच्या ओळीत शून्य, शून्य. गजेंद्र सरांनी पान माझ्याकडे सरकवलं, मी मॅडमकडे. मॅडम पेन काढून गुणायला लागल्या. वरची ओळ पुन्हा एक, एक. खालची शून्य, शून्य. म्हणजे वर्ग केला आणि तीच मॅट्रिक्स परत आली. शून्य नाही, एककही नाही.

मला वाटलं, आता बाईंचा चेहरा पडणार. पण झालं भलतंच. त्या ताडकन उठल्या आणि खडू घेऊन फळ्याशी गेल्या. "थांबा, थांबा. A मधून एकक वजा करू. एकक म्हणजे वर एक-शून्य, खाली शून्य-एक." आलं ते असं: वर शून्य आणि एक, खाली शून्य आणि उणे एक. "आता A गुणिले हे. बोला सर, तुम्हीच करा."

गजेंद्र सरांनी गुणलं. चारही जागी शून्य. त्यांनी पुसून पुन्हा गुणलं. तिसऱ्यांदा तर ते बोटानं ओळ धरून करत होते, आणि तरी चार शून्यंच. "दोन्ही शून्य नाहीत, अन् गुणाकार शून्य? काऊन?"

"कारण इथं गुणाकारात बेरीज लपलीये!" मॅडम खरोखरच ओरडल्या. "ओळ घ्या एक-एक. स्तंभ घ्या एक आणि उणे एक. एक गुणिले एक, अधिक एक गुणिले उणे एक. चौघांत शून्य कोणीच नाही, पण बेरजेत एकमेकांले खाऊन टाकतात." मग त्या महामायाकडे वळल्या. "तुले हे सुचलं कसं?"

"ही A दोन आकडे घेते आणि फक्त त्यांची बेरीज ठेवते," महामाया म्हणाली. "आमच्या घरी दोन पोती एकदमच काट्यावर ठेवतात. एकूण वजन ऐंशी किलो आलं, तर पन्नास अन् तीस होते का साठ अन् वीस, ते नंतर सांगता नाही येत. मग काटून मागं कसं जायचं?"

मी खुर्चीतून उठलो. फिजिक्समध्ये मॅट्रिक्स मीही वापरतो, पण काटणं म्हणजे मागं जाणं, हे मला त्या पोरीनं पोत्यांवरून शिकवलं. नुसतं 'शून्य नाही' म्हणून भागत नाही, मागं जायची वाट असावी लागते. त्या मॅट्रिक्सला व्यस्त असावा लागतो. ही गोष्ट मॅडम स्वतः शिकवतात. तरी सूची करताना हात सवयीनं नियमाकडे गेला होता. आकड्यांसाठी केलेला नियम त्यांनी मॅट्रिक्सवर चालवला होता.

"चूक माझी आहे," त्या गजेंद्र सरांना म्हणाल्या. "सूची बदला."

सूची बदलली. महामायाचे दोन गुण वाढले, ती तिसावी झाली. पण 'खरं' लिहिणाऱ्यांचे दोन-दोन कमी झाले, आणि तिसाव्या नंबरवरची प्रेरणा बाहेर गेली. प्रेरणा देऊळघाटची, मॅडमच्याच वर्गातली. एकतिसावी खाट टाकता येईल का, म्हणून मॅडम अर्धा तास भांडल्या. मुलांच्या निवासाच्या खोलीत जागाच नव्हती.

तीनला यादी लागायच्या आत त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. "तिले भिंतीवरून कळू नये," एवढंच म्हणाल्या. रस्ताभर मात्र माझ्या पाठीमागे बसून गुणाकार शून्य येणाऱ्या नव्या जोड्या सांगत होत्या. त्यांचा आनंद आवरत नव्हता, आणि त्या आनंदाची मला त्या वेळी चीड आली.

प्रेरणा अंगणात होती. तिच्या आईनं, पुष्पाबाईंनी, आमच्या हातावर पेढा ठेवला. मॅडमनी तो खाल्ला नाही. उभ्या-उभ्या सगळं सांगितलं, पानावर गुणून दाखवलं. प्रेरणानं स्वतः एकदा गुणलं.

मग ती आत जाऊन गणिताची वही घेऊन आली. ऑगस्टमधलं मॅट्रिक्सचं एक पान उघडलं. तिथं तिनं 'A शून्य नाही, म्हणून A काटला' असं लिहिलं होतं, आणि खाली मॅडमची 'बरोबर'ची लाल खूण होती.

"परीक्षेत तुमचंच लिहिलं होतं मी," ती म्हणाली.

मॅडमनी पर्समधून लाल पेन काढलं, स्वतःच्या त्या खुणेवर फुली मारली आणि खाली सही केली. "मी चुकीचं शिकवलं, प्रेरणा. तुझी जागा माझ्यामुळं गेली."

पुष्पाबाई काही बोलणार होत्या, पण प्रेरणानं त्यांना थांबवलं. तिनं डोळे पुसले आणि वही मॅडमच्या समोर धरली.

"अजून काय काय चुकीचं शिकवलं असंल, ते आजच पाहून घेऊ," ती म्हणाली. "बसा."

मॅडम ओट्यावर बसल्या आणि त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं.